१८८५ चा वाडा आणि पॉलिएस्टरची नऊवारी : कपडेपटवाल्याचं दिग्दर्शकाला पत्र

ऐतिहासिक सिनेमाचा ट्रेलर आला की त्याखाली एक कमेंट हमखास असते, "कपडे त्या काळातले वाटत नाहीत." पण नेमकं काय चुकलंय, हे मात्र कुणी सांगत नाही.

नाटक-सिनेमाला कपडे भाड्याने देणाऱ्या एका दुकानदाराकडे १८८५ सालच्या पुण्यातल्या ब्राह्मण कुटुंबावरच्या सिनेमाची यादी आली. यादी वाचून त्यांनी दिग्दर्शकाला लिहिलेलं हे पत्र.

---

दिग्दर्शक साहेब, नमस्कार.

तुमची साठ कपड्यांची यादी मिळाली. माल दुकानात आहे, उद्या गाडी भरता येईल. पण यादी जशीच्या तशी पाठवली तर तुमचा सिनेमा १८८५ चा न वाटता गॅदरिंगचा वाटेल. म्हणून तुमचा एकच सीन घेऊन सांगतो. रात्र आहे, माजघरात समई आहे, सून वाती वळतेय, विधवा सासू कोपऱ्यात बसलीय आणि मुलगा बाहेरून येतो.

सुनेची नऊवारी

यादीत 'रेडिमेड नऊवारी, पैठणी काठ' असं लिहिलंय. ही साडी म्हणजे शिवलेला पायजमा आणि वर पदर. कमरेला इलॅस्टिक, निऱ्या टाके घालून बसवलेल्या. उभ्या फोटोत ती छान दिसते. पण तुमची सून जमिनीवर बसून वाती वळणार आहे. खरं लुगडं बसताना मांडीवर सैल होतं, उठताना बाई निऱ्या सावरते, कासोटा चाचपते. शिवलेल्या साडीत यातलं काहीच घडत नाही, कारण सावरायला काही सुटतच नाही. अभिनेत्रीच्या हाताला काम उरत नाही आणि प्रेक्षकाला नुसतंच काहीतरी खोटं वाटतं.

नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. साधं सुती लुगडं मी आत्ताच पाठवतो. तुमच्या अभिनेत्रीला शूटिंगच्या आधी पंधरा दिवस ते घरी नेसून केर काढायला सांगा. आणि रोजच्या कामाला पैठणी कुणी नेसत नसे. ती लग्नात, सणाला.

चोळी की ब्लाऊज?

तुम्ही पाठवलेल्या फोटोतला ब्लाऊज मागे हुकांचा आणि पुढे टक्स घातलेला, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा आहे. खणाची चोळी तशी नसते. एक खण म्हणजे एका चोळीचं कापड. ते वाया जाऊ नये म्हणून सरळ तुकड्यांत बेततात, काठ बाहीच्या टोकाला आणतात आणि चोळीला पुढे गाठ मारतात. त्यामुळे छातीचा आकार आजच्यासारखा उभारलेला दिसत नाही. काळ ओळखू येतो तो इथे. कापड अगदी खरं आणलं आणि बेतलं आजच्या पद्धतीने, तरी बाई आजचीच दिसते.

सासूला पांढरी साडी नको

यादीत 'सासू (विधवा) : पांढरी साडी' आहे. हिंदी सिनेमाने ही सवय लावलीय. पण पुण्याच्या ब्राह्मण घरातल्या, केशवपन झालेल्या विधवेच्या अंगावर लाल आलवण असे. जाडंभरडं, बिनकाठाचं, आत चोळी नाही आणि पदर डोक्यावरून घेतलेला. तुमच्या कथेत सासूचं दुःख कुणी बोलून दाखवत नाही. ते त्या लाल कपड्यात आहे. तिथे पांढरी साडी दिलीत तर रंग चुकेलच, पण तिची गोष्टही पुसली जाईल.

मुलाचा अंगरखा

अंगरख्याला बटणं नसतात, बंद असतात. बाराबंदीच्या तर नावातच बंद आहेत. पण खरी चूक काखेत होते. आजचा टेलर मुंढा गोल कापतो आणि खांद्यावर शिवण घेतो. जुना शिंपी पट्टे सरळ कापून बाही सरळ जोडायचा, काखेत चौकोनी तुकडा घालायचा आणि घेरासाठी कळ्या लावायचा. हातमागाचा पन्हा अरुंद असे, म्हणून ही पद्धत.

ओळखायचं कसं? नटाला खुंटीवर पगडी ठेवायला सांगा. आजच्या कटिंगमध्ये हात वर गेला की अख्खा अंगरखा वर ओढला जातो. काखेत तुकडा असेल तर हात मोकळा जातो आणि घेर जागेवर राहतो.

जुनं म्हणजे खादी नव्हे

'सगळ्यांना खादी, मळकट रंग' असंही तुम्ही लिहिलंय. मुंबईत कापडगिरण्या १८५० च्या दशकातच आल्या होत्या, विलायती कापडही बाजारात होतं. १८७७ च्या दिल्ली दरबारात सार्वजनिक काका हाताने कातलेल्या सुताचे कपडे घालून गेले, याची नोंद आजवर राहिली ती बाकीचे तसे कपडे घालत नव्हते म्हणूनच. तेव्हा गिरणीचं धोतर बिनधास्त वापरा.

रंगांचंही तसंच. रासायनिक रंगाचा शोध १८५६ चा, त्यामुळे १८८५ मध्ये भडक गुलाबी चालेल. तोच रंग पेशव्यांच्या दरबारात दाखवला तर चूक. फक्त पांढरं कोरं ठेवू नका, लाइटमध्ये ते डोळ्यांत घुसतं. कांजी जाईपर्यंत चार-पाच वेळा धुवायचं, चहाच्या पाण्यात बुडवायचं, गुडघे आणि काठ दगडाने घासायचे. याला मला आठ दिवस लागतात. आदल्या रात्री फोन करून ते होत नाही.

पॉलिएस्टरला नाही का म्हणतोय?

पॉलिएस्टरचा शोध १९४१ चा, हे एक कारण. त्यावरची प्लास्टिकची जर समईपुढे पांढरी चमचमते. खरी जर पिवळी, मंद दिसते.

दुसरं कारण माझ्या दुकानातलं आहे. काही वर्षांपूर्वी मी दिलेल्या पॉलिएस्टरच्या साडीचा पदर एका नाटकात निरांजनाला लागला. कापड वितळून त्या मुलीच्या मनगटाला चिकटलं. ते सोडवताना डॉक्टरांनाही वेळ लागला. सुती कापडही पेटतं, पटकन पेटतं, म्हणून सेटवर ओलं कांबळं हवंच. पण सुती कापड असं वितळून कातडीला चिकटत नाही.

कापड कुठूनही आणलंत तरी एक दोरा काढून चिमट्यात धरून जाळून बघा. सुती दोरा कागदासारखा जळतो, मऊ राख होते. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राखेची गोळी चिमटीत फुटते. पॉलिएस्टर आकसून वितळतं, त्याचा कडक मणी होतो, तो फुटत नाही.

मग बजेटचं काय?

साठही पोशाख नव्याने शिवायची गरज नाही. कॅमेऱ्याजवळ येणारे आठ जण आहेत. त्यांचं कापड आणि बेत दोन्ही बरोबर हवं. मागच्या गर्दीला सुती धोतर, उपरणं, बंदांचे अंगरखे माझ्याकडे तयार आहेत. त्यांची कटिंग आजची आहे, पण लांबून कळणार नाही. त्यांना हात वर करायला लावू नका, एवढंच.

हे पटलं तर आठ जणांची मापं पाठवा. पटलं नाही तर बाकीची यादी हवी तशी देतो, मत माझ्याजवळ ठेवतो. मात्र समईच्या सीनला पॉलिएस्टर माझ्या दुकानातून जाणार नाही. त्यापायी ऑर्डर गेली तरी चालेल.

आपला,
कपडेपटवाला