स्क्रीन रेकॉर्डिंगचं जीआयएफ : फाइल लहान हवी, पण मात्रा-वेलांट्या शाबूत

रामदासपेठेतल्या एखाद्या सीए कार्यालयाला काटोलकडच्या पक्षकाराकडून सातबारा हवा आहे, असं समजा. महाभूलेखवर जिल्हा, तालुका आणि गाव कसं निवडायचं, हे फोनवर समजावताना दोन्हीकडची माणसं थकतात. स्क्रीन रेकॉर्ड करून पाठवावं, तर व्हिडिओ सुरू करा, थांबवा, मागे घ्या, हा व्याप होतो. अशा वेळी आपोआप फिरत राहणारं छोटं जीआयएफ सोयीचं पडतं. पण रेकॉर्डिंग जसंच्या तसं जीआयएफमध्ये बदललं, तर फाइल मूळ व्हिडिओपेक्षाही मोठी होऊ शकते.

फाइल का फुगते?

जीआयएफ हा १९८७ मधला प्रकार आहे. त्यात एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग बसतात. व्हिडिओत एका चित्रातला भाग पुढे सरकला, तर 'हा भाग इथे सरकला' एवढीच नोंद पुरते. जीआयएफला ती सोय नाही. बदललेला भाग त्याला पुन्हा साठवावा लागतो. म्हणून रेकॉर्डिंग सुरू असताना पान वर-खाली सरकवलं, की फाइल झपाट्याने वाढते. हवं ते पान आधीच समोर आणा आणि मगच रेकॉर्डिंग सुरू करा.

हिशेब कसा बसतो?

रेकॉर्डिंग १०८० बाय २४०० पिक्सेलचं, सेकंदाला ६० चित्रांचं आणि कामाचा भाग ८ सेकंदांचा आहे, असं धरू. म्हणजे ४८० चित्रं झाली. अर्ज स्क्रीनच्या मधल्या भागातच असेल, तर १०८० बाय १२०० एवढाच तुकडा कापा. मग तो निम्मा, म्हणजे ५४० बाय ६०० करा. एका चित्रातले पिक्सेल आता एक अष्टमांश उरले. सेकंदाला १० चित्रं ठेवली, तर एकूण चित्रं ८० होतात, म्हणजे एक षष्ठांश. एकूण पिक्सेल मूळच्या ४८ व्या हिश्श्यावर आले.

दहाच चित्रं का?

जीआयएफमध्ये प्रत्येक चित्र किती वेळ दिसावं, हे सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात. १० चित्रांना प्रत्येकी १० भाग नेमके मिळतात. १५ चित्रांचा भागाकार पूर्ण होत नाही, त्यामुळे गती किंचित असमान होते. पाचवर उतरलं तर दोन चित्रांत पाचवा भाग सेकंदाचं अंतर पडतं आणि बोटाचा झटपट स्पर्श मधल्यामध्ये गायब होऊ शकतो. मग यादी आपोआपच उघडली, असं पाहणाऱ्याला वाटतं. अँड्रॉइडच्या रेकॉर्डरमध्ये स्पर्श दाखवण्याचा पर्याय असेल, तर तो चालू ठेवा.

अक्षरं कशी टिकवायची?

देवनागरीत अनुस्वार, रफार आणि वेलांटी हे बारीक भाग असतात. चित्र फार लहान केलं, की आधी तेच पुसट होतात. म्हणून आधी कापा, मग लहान करा. १०८० चं ५४० असं नेमकं निम्मं केलं, तर कडा त्यातल्या त्यात स्वच्छ राहतात. तरी अक्षर वाचता येत नसेल, तर रुंदी आणखी घटवू नका. सेकंद कमी करा.

दुसरा मुद्दा रंगांचा. कमी रंगांत जास्त छटांचा भास व्हावा म्हणून काही साधनं ठिपके विखुरतात. त्याला डिदरिंग म्हणतात. फोटोला ते शोभतं. पांढऱ्या पानावरच्या काळ्या अक्षरांभोवती मात्र बारीक ठिपके दिसू लागतात आणि फाइलही वाढते. अर्जाच्या स्क्रीनला ते बंद ठेवा. पानावर फोटो किंवा हळूहळू बदलणारा रंग असेल, तर बंद केल्यावर पट्टे दिसतील. तेव्हाच ते चालू करा.

संगणकावर ffmpeg असेल, तर हे सगळं एका आज्ञेत होतं :

```
ffmpeg -ss 3 -t 8 -i rec.mp4 -vf \
"crop=1080:1200:0:500,fps=10,\
scale=540:-1:flags=lanczos,split[a][b];\
[a]palettegen=stats_mode=diff[p];\
[b][p]paletteuse=dither=none:diff_mode=rectangle" \
-final_delay 200 out.gif
```

यात सुरुवातीचे ३ सेकंद सोडून पुढचे ८ घेतले आहेत. कापताना वरचे ५०० पिक्सेल वगळले आहेत. तो आकडा आपल्या स्क्रीनप्रमाणे बदला. शेवटचा २०० म्हणजे अखेरचं चित्र २ सेकंद थांबेल. तो थांबा नसेल, तर कृती कुठे संपली आणि पुन्हा कुठे सुरू झाली, ते कळत नाही.

पाठवण्याआधी

रेकॉर्डिंग करताना सूचना बंद ठेवा. वरून क्षणभर आलेला ओटीपी किंवा मोबाइल क्रमांकही एखाद्या चित्रात अडकतो आणि जीआयएफ फिरत असताना तो पुन्हा पुन्हा दिसतो. खासगी माहिती असलेलं रेकॉर्डिंग अनोळखी ऑनलाइन कन्व्हर्टरवर चढवू नका. तयार फाइल शेवटी साध्या फोनवर, चित्र मोठं न करता पाहा. गावाचं नाव अनुस्वारासकट वाचता आलं आणि बोट कुठे टेकलं ते दिसलं, तर काम झालं.