पाहुण्याला वेळ विचारताना

मायक्रोफोन तोंडापासून किती अंतरावर धरायचा, हे या आठवड्यात सांगायचं कबूल केलं होतं. ते पुढे ढकलतो, कारण नागपूरच्या एका वाचकाचा प्रश्न आलाय आणि विषय माझ्या आवडीचा आहे. त्यांचे पाहुणे निवृत्त प्राध्यापक, सध्या मुलाकडे न्यू जर्सीत. होकार मिळाला. मग यांनी विचारलं, "सर, कधी जमेल?" उत्तर आलं, "कधीही." तेव्हापासून घोडं अडलंय.

अडणारच. असं विचारलं की सगळी आखणी पाहुण्याच्या गळ्यात पडते. किती वेळ मोकळा ठेवायचा, कुठे बोलायचं, काहीच ठाऊक नसताना तो बिचारा दुसरं काय म्हणणार? बुकिंगची लिंक पाठवायचीही पद्धत आहे आणि आठवड्याला चार-चार पाहुणे असतील तर ती सोयीची. पण सत्तरीतल्या सरांना लिंक धाडणं मला रुचत नाही. मी व्हॉट्सअ‍ॅपवर असं लिहिलं असतं :

"नमस्कार सर. खालीलपैकी कोणती वेळ सोयीची? नुसता क्रमांक कळवलात तरी चालेल. (१) शनिवार २५ ऑक्टोबर, तुमच्याकडे सकाळी १०, भारतात संध्याकाळी ७.३०. (२) मंगळवार २८ ऑक्टोबर, तुमच्याकडे सकाळी ९, भारतात संध्याकाळी ६.३०. (३) शनिवार ८ नोव्हेंबर, तुमच्याकडे सकाळी १०, भारतात रात्री ८.३०. एकूण सव्वा तास मोकळा ठेवावा. प्रत्यक्ष गप्पा पाऊण तासाच्या. रेकॉर्डिंग रिव्हरसाइडवर, लॅपटॉपच्या क्रोममध्ये. लिंक मी पाठवेन, उघडली की झालं. आदल्या दिवशी दहा मिनिटं आवाज तपासून घेऊ. यातली कुठलीच वेळ जमत नसेल तर सकाळ बरी की संध्याकाळ, तेवढं सांगा."

पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत न्यू जर्सीचे दहाच वाजलेत, पण आपल्याकडचा तास बदललाय. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे २०२५ मध्ये २ तारखेला, घड्याळं एक तास मागे जातात. तोवर आपण साडेनऊ तास पुढे असतो, नंतर साडेदहा. युरोपात हाच बदल आठवडाभर आधी, २६ ऑक्टोबरला. म्हणून लंडनच्या पाहुण्याचा हिशेब न्यू जर्सीवरून करू नका. आणि पाहुण्याची वेळ नेहमी आधी लिहा. त्याला बेरीज करायला लावू नका.

सव्वा तास का? लिंक उघडणं, खुर्ची सरकवणं, पाणी आणणं, यात पंधरा मिनिटं सहज जातात, आणि शेवटी पंधरा मिनिटं अपलोडसाठी राखावी लागतात. रिव्हरसाइडसारखे प्लॅटफॉर्म प्रत्येकाचा आवाज त्याच्याच संगणकावर नोंदवतात आणि मागून वर चढवतात. त्यामुळे मधेच नेट अडखळलं तरी मूळ नोंद शाबूत राहते. पण "धन्यवाद" म्हणून पाहुण्याने लगेच टॅब बंद केला, तर न चढलेला भाग त्याच्या संगणकातच अडकतो. बिनदिक्कत सांगावं, "सर, शंभर टक्के दिसेपर्यंत थांबा." झूमवर काम भागतं, पण मोफत खात्यात बैठक चाळीस मिनिटांत संपते, आणि सर नेमके रंगात आलेले असतात.

आता चाचणी. ही मी वगळत नाही, पाहुणा कितीही सराईत असो. तीच खोली, तोच लॅपटॉप, तेच इअरफोन, आणि शक्यतो तीच वेळ, कारण सकाळी शांत असलेल्या खोलीत संध्याकाळी शेजारचा कुकर शिट्ट्या देतो. पाहुण्याला इअरफोनच्या माइकवर नख घासायला सांगा. खरखर मोठी आली तर तोच माइक चालू आहे. लांबून, पुसट आली तर ब्राउझरने परस्पर लॅपटॉपचा माइक धरलाय. सेटिंगमध्ये जाऊन बदलून घ्या. ब्लूटूथचे असतील तर वायरचे शोधायला सांगा. ब्लूटूथवर माइक सुरू झाला की बहुतेक जोड्या फोनवर बोलायच्या पद्धतीत जातात आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. स्पीकरवर तर अजिबात नको, तुमचाच आवाज त्यांच्या माइकमध्ये शिरेल.

मग मिनिटभर रेकॉर्ड करा. विषयाचं काही विचारू नका, नाहीतर उत्तम किस्सा चाचणीतच खर्ची पडतो आणि दुसऱ्या दिवशी "काल सांगितलंच" अशी सुरुवात होते. सकाळी काय खाल्लं ते विचारा. थांबवा, फाइल वर चढू द्या, आणि ती उतरवून हेडफोनवर ऐका. बोलताना कानात येणारा आवाज नेटवरून पिळून आलेला असतो. पंख्याची घरघर खऱ्या फाइलमध्येच सापडते.

नागपूरकरांनी आज रात्रीच निरोप धाडावा. तिकडे तेव्हा सकाळ असेल. मायक्रोफोनचं अंतर पुढच्या आठवड्यात, नक्की.