नावाची तिसरी चौकट

हिंगणघाटच्या बाजूला कापूस खरेदीची नोंदणी कागदावरून मोबाइलवर आली, ती जिओचे सिम गावागावांत पोहोचल्यानंतर, म्हणजे २०१६च्या पुढे. तेव्हापासून मी शेतकऱ्यांच्या नोंदणीची छोटी ॲप करतो आहे. या वर्षांत पुन्हा पुन्हा भेटलेली अडचण एकच: नाव लिहायला बोट ठेवले की खालून कीबोर्ड वर येतो आणि ज्या चौकटीत लिहायचे तीच झाकून टाकतो.

याबद्दल तक्रार फारशी येत नसे. माणूस अंदाजाने अक्षरे दाबत जाई आणि चूक यादीत उमटे. Wankhedeचे Wankhde, कुठे शेवटचे अक्षर दोनदा, कुठे आडनावाची जागा कोरी. पहिले नाव बरोबर, वडिलांचे किंवा पतीचे नाव बरोबर आणि चुका आडनावातच, असे दिसले की टंकणाऱ्याला बोल लावण्याआधी पडद्यावर तिसरी चौकट कुठे येते ते पाहावे. २०१९ साली पीएम-किसान आल्यावर नाव आधारशी जुळण्याला वजन आले, तसा एका अक्षराचा फरकही जाचू लागला.

एका जिनिंगसाठीच्या ॲपचा हिशेब अजून आठवतो. तेव्हाचा साधा फोन ७२० बाय १२८० ठिपक्यांचा. अँड्रॉइडच्या मापात त्याची उंची ६४० एकके. वरची पट्टी ५६, तिच्याखाली शेतकऱ्याच्या फोटोची जागा १२०, मग नावाच्या तीन चौकटी, प्रत्येकीला मोकळ्या जागेसह ८०. म्हणजे आडनावाची चौकट ३३६वर सुरू होई. खालची बटणे ४८ खात, शब्द सुचवणाऱ्या पट्टीसकट मराठी कीबोर्ड २६० घेई, म्हणजे त्याचा माथा ३३२वर. चौकट पुरती गडप! आम्ही तपासले होते ते इंग्रजी कीबोर्डवर, सूचनांची पट्टी बंद ठेवून. तो २२० घेई, त्यामुळे चौकटीचा जवळजवळ निम्मा भाग दिसे आणि कुणाला शंका आली नाही.

खरे तर अँड्रॉइडने २००९ मध्ये, १.५ या आवृत्तीत, पडद्यावरचा कीबोर्ड आणला तेव्हाच त्यावर उपाय दिला होता:

```xml
android:windowSoftInputMode="adjustResize"
```

याने कीबोर्ड आला की ॲपची खिडकी तेवढी आखूड होते आणि मजकूर सरकता ठेवला असेल तर चौकट वर येते. दुसरा पर्याय `adjustPan`. तो खिडकी आखूड न करता अख्खी वर ढकलतो. चौकट दिसते, पण "जतन करा"चे बटण कीबोर्डखाली राहते.

आमच्या ॲपमध्ये पहिली ओळ होती, तरी चौकट झाकली जाई. कारण भलतेच निघाले. मालकांना लोगो ऐसपैस हवा होता, म्हणून वरची घड्याळ-बॅटरीची पट्टी लपवून ॲप पूर्ण पडद्यावर चालवले होते. तेव्हाच्या अँड्रॉइडमध्ये अशी पूर्ण पडद्याची खिडकी `adjustResize` जुमानतच नसे. पट्टी परत आणली आणि आडनाव दिसू लागले. तोवर केंद्रावरच्या पोरांनी आपली तोड काढलीच होती: "काकाजी, फोन आडवा धरा." फोन आडवा केला की अँड्रॉइड लिहिण्याची चौकट कीबोर्डच्या वर पडदाभर पसरून दाखवी. मूळ कारण आम्हाला सापडण्याआधीच त्यांचे काम भागले होते.

फॉर्म ॲपमधून ब्राउझरमध्ये गेले तसा प्रश्नही तिकडे गेला. अँड्रॉइडवरचे क्रोम आधी कीबोर्ड आल्यावर पानाची मांडणीच आखूड करी. २०२२च्या अखेरीस १०८ या आवृत्तीपासून ते बंद झाले. आता फक्त दिसणारा भाग लहान होतो, मांडणी तशीच राहते. साध्या पानावर याने बिघडत नाही, कारण ब्राउझर चौकट सरकवून वर आणतो. पण तळाशी खिळवलेले बटण किंवा चौकट कीबोर्डमागे जाते. जुनी वागणूक हवी असेल तर पानाच्या शीर्षभागात हे लिहावे लागते:

```html
<meta name="viewport" content="width=device-width, interactive-widget=resizes-content">
```

याची दुसरी बाजू अशी की मांडणी आखूड झाली की तळाचे बटण कीबोर्डवर स्वार होते आणि लहान फोनवर शेवटची चौकट आता त्या बटणाखाली जाते. म्हणून फॉर्मचे बटण मी तळाशी खिळवतच नाही, शेवटच्या चौकटीखाली मजकुरातच ठेवतो. गिऱ्हाइकाला ते जुनाट दिसते, दिसू दे.

२०२४च्या अँड्रॉइड १५ने पुन्हा घडी मोडली. त्यासाठी बांधलेले ॲप आता आपोआप पडद्याच्या कडेपर्यंत पसरते आणि कीबोर्डपुरती जागा सोडण्याचे काम ॲप लिहिणाऱ्याकडे येते. कंपोझमध्ये लिहिले असेल तर `imePadding()` जोडायचे, जुन्या पद्धतीत कीबोर्डची उंची विचारून तेवढी जागा सोडायची. हे आमच्या एका जुन्या फॉर्मला लावले तेव्हा फोटोची जागाही नावांच्या खाली नेली. आता आडनावाची चौकट २१६वर सुरू होते आणि कीबोर्ड सर्वांत उंच असला तरी उघडी राहते.