काकडी बिचारी बावीस कॅलरींची

वजन कमी करायला निघालेल्या माणसाच्या ताटात पहिल्यांदा वाढते ती काकडी. दीडशे ग्रॅम काकडी म्हणजे एक मध्यम आकाराची, आणि तिच्यात उष्मांक फार तर २२. पण आपल्याकडे काकडी नुसती खाल्ली जात नाही, तिची खमंग काकडी होते. कोचवून पाणी पिळून टाकायचं, त्यावर दोन मोठे चमचे दाण्याचं कूट, चमचाभर ओलं खोबरं, चिमूटभर साखर आणि वर हिंग-जिऱ्याची चरचरीत फोडणी. कुटाचे सुमारे ११०, खोबऱ्याचे ३५-४०, फोडणीत दोन छोटे चमचे तेल धरलं तर ८०-९०, साखरेचे दहा. वाटीभर कोशिंबीर अडीचशे कॅलरींच्या पुढे गेली. म्हणजे अडीच फुलके झाले आणि खाणारा समजतो की आपण सॅलड खातोय.

या हिशोबातच ‘व्हॉल्यूम ईटिंग’चं सगळं मर्म आहे. कमी खायचं, पण पोटात जाणाऱ्या अन्नाचं आकारमान कमी होऊ द्यायचं नाही, उलट वाढवायचं, अशी ही पद्धत. तिच्यामागे ऊर्जाघनता नावाची साधी मोजणी आहे: एका ग्रॅम अन्नात किती कॅलरी. तेलाच्या ग्रॅमला नऊ, शेंगदाण्याच्या ग्रॅमला साडेपाचच्या वर, शिजवलेल्या भाताच्या ग्रॅमला सव्वा-दीड आणि दुधी, पडवळ, काकडी, टोमॅटो यांच्या ग्रॅमला पाव कॅलरीसुद्धा नाही. भाजी हलकी असण्याचं कारण तिच्यातलं पाणी. या भाज्यांच्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, आणि पाण्याला वजन आहे, जागा लागते, कॅलरी मात्र नाही. म्हणून खमंग काकडीतलं पाणी पिळून टाकणं ही चवीची सोय असली, तरी भुकेच्या दृष्टीने सौदा तोट्याचा. जे भरणारं होतं ते मोरीत गेलं आणि जे भारी होतं ते वाडग्यात राहिलं.

जठराच्या भिंतीत ताण ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोकं असतात. अन्नाने जठर फुगलं की ती मेंदूकडे निरोप पाठवतात. त्या निरोपात कॅलरींचा आकडा नसतो. तो हिशोब नंतर, अन्न आतड्यात पोचल्यावर, वेगळ्या संप्रेरकांमार्फत होतो. त्यामुळे जेवताना ‘आता बास’ वाटण्यात आकारमानाचा वाटा मोठा असतो.

मग जेवणाआधी दोन ग्लास पाणी पिऊन भागणार नाही का? अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स या आहारशास्त्रज्ञ बाईंनी हाच प्रश्न प्रयोगाला लावला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात स्त्रियांना जेवणाआधी तीन प्रकारे खायला दिलं: कधी कोंबडी, तांदूळ आणि भाज्यांचा घट्ट पदार्थ, कधी तोच पदार्थ आणि सोबत ग्लासभर पाणी, आणि कधी तेच जिन्नस, तेवढंच पाणी, पण सगळं एकत्र शिजवून केलेलं सूप. तिन्हींत उष्मांक २७०. सोबत प्यायलेल्या पाण्याने पुढच्या जेवणात काही फरक पडला नाही. सूप घेतलेल्या दिवशी मात्र स्त्रिया जवळपास १०० कॅलरी कमी जेवल्या, आणि कमी जेवतोय असं कुणी त्यांना सांगितलेलं नव्हतं. अन्नात मुरलेलं पाणी जठरात टिकतं, वेगळं प्यायलेलं भरभर पुढे सरकतं, असं याचं स्पष्टीकरण दिलं जातं.

त्याच प्रयोगशाळेचा २००४ सालचा सॅलडवरचा अभ्यास आपल्या जास्त कामाचा आहे, कारण तो खमंग काकडीलाच लागू पडतो. जेवणाआधी १०० कॅलरींचं मोठं सॅलड, म्हणजे सुमारे ३०० ग्रॅम, सगळं खायला लावलं तेव्हा सॅलड धरून एकूण जेवण १२ टक्क्यांनी कमी झालं. तेवढंच सॅलड चीज आणि तेलकट ड्रेसिंग घालून चौपट कॅलरींचं केलं, तेव्हा एकूण जेवण १७ टक्क्यांनी वाढलं. भाजी तीच, वाडगा तोच. ‘मी रोज सॅलड खाते, तरी वजन हलत नाही’ ही तक्रार करणाऱ्यांनी वाडग्यात वरून काय पडतं ते एकदा पाहावं.

आता हे आपल्या ताटात कसं बसतं ते एका रात्रीच्या जेवणावर पाहू. तेल लावलेल्या तीन पोळ्या (३६०), एक मोठा चमचा तेलातली दीडशे ग्रॅम बटाट्याची भाजी (२२५), वाटीभर भात (१९५) आणि वाटीभर तुरीच्या डाळीची आमटी (१२५). बेरीज साधारण ९०० आणि ताटातल्या अन्नाचं वजन सहाशे ग्रॅमच्या आत. अवाजवी काहीच नाही. हजारो घरांत असंच जेवण होतं.

बदललेलं ताट असं. आधी दुधी-टोमॅटोचं सूप: २०० ग्रॅम दुधी सालासकट चिरून, १०० ग्रॅम टोमॅटो, आल्याचा तुकडा आणि दोन-तीन लसूण पाकळ्या कुकरला लावायच्या, एक शिट्टी पुरे. घुसळून घ्यायचं, गाळायचं मात्र नाही, कारण गाळणीत राहतो तो चोथाच हवा आहे. अर्धा छोटा चमचा तुपात जिरं तडतडवून वर ओतायचं, मिरपूड घालायची. मोठा वाडगाभर होतं आणि उष्मांक ७०. ते प्यायल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबून मग ताट वाढून घ्यायचं. ताटात काकडीची दह्यातली कोशिंबीर, काकडी न पिळता, कूट छोटा चमचाभर (९५); कोबीची भाजी २०० ग्रॅम, मूठभर भिजवलेली हरभऱ्याची डाळ घालून, तेल एक छोटा चमचा (१३०); मुगाच्या डाळीचं दाट वरण (१२५) आणि दोन कोरडे फुलके (२००). बेरीज ६२०, आणि वजन जवळजवळ एक किलो. भाताशिवाय ज्यांचा घास गिळत नाही त्यांनी एक फुलका सोडून अर्धी वाटी भात घ्यावा, हिशोब तोच राहतो.

एका जेवणात पावणेतीनशे कॅलरींची तूट झाली आणि अन्न मात्र दीडपटीहून जास्त गेलं पोटात. रोज एवढी तूट टिकली तर कागदावर महिन्याला किलोभर वजन उतरतं; प्रत्यक्षात थोडं कमी, कारण वजन घटलं की शरीराची गरजही घटते.

या सगळ्यात एक जागा अशी आहे जिथे हिशोब हमखास चुकतो: फोडणीची पळी. ‘आमच्याकडे तेल कमीच असतं’ असं प्रत्येक घर म्हणतं आणि खरं सांगायचं तर कुणी मोजलेलं नसतं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण घ्या, त्यावर पाच मिलिलिटरची खूण असते. आपली पळी पाण्याने भरा आणि त्या झाकणाने मोजून पाहा. एका झाकणाला तेलाचे चाळीसेक उष्मांक. काही पळ्यांत पाच-सहा झाकणं सहज मावतात, म्हणजे एका फोडणीत दोनशेच्या वर. कोबी असो की दुधी, इतक्या तेलात ती ‘हलकी’ राहत नाही. भाजी झाकण ठेवून, झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवण्याची आपली जुनी रीत इथे उत्तम चालते.

तेल अजिबात बंद करायचं, हा दुसऱ्या टोकाचा प्रकारही मला पटत नाही. गाजर, लाल भोपळा, पालक यांतली केशरी-पिवळी द्रव्यं, ज्यांच्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवतं, ती थोड्या स्निग्धाशिवाय नीट शोषली जात नाहीत. शिवाय बेचव जेवण चार दिवस चालतं, पाचव्या दिवशी वडापाव.

पद्धत फसतेय हे ओळखायची खूण म्हणजे जेवून दोन तासांत लागणारी भूक. सूप आणि सॅलड यांवरच रात्र काढणाऱ्यांचं हे ठरलेलं. जठर भरलं होतं, पण भरलेल्या मालात प्रथिनं नव्हती, म्हणून समाधान टिकलं नाही. अशा वेळी आणखी काकडी वाढवून उपयोग नसतो. वरण दाट करावं, सुपात मूठभर मुगाची डाळ किंवा मसूर शिजवावी, दही, पनीर, अंडं, मासा यांतलं काहीतरी ताटात आणावं. वजन उतरताना स्नायू झिजू नयेत म्हणूनही प्रथिनं लागतातच.

दुसरी तक्रार पोट फुगण्याची. एरवी दिवसाला दोनशे ग्रॅम भाजी खाणाऱ्याने एकदम आठशेवर उडी मारली, तीही कोबी, फ्लॉवर, मुळा आणि कच्च्या कांद्याची, तर गॅस होणारच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढ माणसासाठी सांगितलेल्या दिवसाच्या ताटात भाज्या आणि फळं मिळून ५०० ग्रॅम धरलेत. पहिला टप्पा तेवढाच ठेवावा, दर आठवड्याला थोडं वाढवावं आणि सुरुवात दुधी, पडवळ, दोडका, लाल भोपळा अशा शिजवलेल्या, मऊ भाज्यांनी करावी. वाढत्या चोथ्याला पाणीही जास्त लागतं, नाहीतर पोट साफ होण्याऐवजी अडतं. आणि पहिल्या आठवड्यात वजनकाटा किलोभर वर गेला तर घाबरू नये. पोटात तेवढं अन्न आणि पाणी बसलेलं असतं, चरबी नव्हे.

विकतच्या सूपच्या पाकिटाबद्दल एवढंच सांगते, की त्यात बहुतेक कॉर्नफ्लोअर आणि मीठ असतं, भाजी नावाला. रक्तदाब असलेल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. घरच्या सुपातही मीठ हात राखूनच घालावं, कारण वाडगा मोठा आहे.

हा प्रयोग सगळ्यांसाठी नाही. आधीच वजन कमी असलेले, लहान मुलं, गरोदर बायका, आणि भूक मंदावलेली वयस्कर मंडळी यांचं पोट भाजीनेच भरून गेलं तर गरजेचं अन्न जाणार कुठे? मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांना टोमॅटो, पालक यांतलं पोटॅशियम बाधू शकतं. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्या एकाएकी वाढवू नयेत, त्यातलं ‘के’ जीवनसत्त्व औषधाच्या विरुद्ध काम करतं. आणि मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर ताटातली पोळी आणि भात कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारून डोस बदलून घ्या, कारण डोस तोच ठेवून पोळी कमी केली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते.