मावशींपर्यंत कोणत्या वाटेनं पोचलात?

समजा, समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेणारी एक मुलगी पुण्यातल्या घरकाम करणाऱ्या बायकांचा अभ्यास करायला घेते. प्रश्न नेमका आहे: महिन्यात किती खाडे होतात आणि त्यांचे पैसे कापले जातात का? हाताशी दोन महिने आणि जेमतेम चाळीस मुलाखतींची ताकद. चिठ्ठ्या टाकून नावं काढावीत तर आधी सगळ्यांची यादी हवी. राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला, पण ज्यांनी नोंदणी केलेली नाही त्या बायका मंडळाच्या यादीत सापडणार कशा? म्हणून यादीविना माणसं निवडण्याच्या चार रीतींचा विचार करावा लागतो.

पहिली सोयीची. आपल्याच सोसायटीच्या फाटकाशी सकाळी उभं राहिलं की दोन दिवसांत दहा-बारा जणी भेटतात. पण एका सोसायटीत दर आणि रिवाज सारखेच होत जातात, त्यामुळे दहा जणींकडून जवळजवळ एकच उत्तर दहा वेळा मिळतं. माझ्या मते या रीतीचा खरा उपयोग प्रश्नावली तपासायला होतो. ‘पगारी रजा मिळते का?’ असं विचारलं तर ‘नाही’ म्हणून विषय संपेल. ‘खाडा झाला तर पैसे कापतात का?’ असं विचारलं, तर ‘दोन खाडे माफ, तिसऱ्यापासून कापतात’ हे बाहेर येऊ शकतं. पहिल्या पाच जणींशी बोलून प्रश्न असे सुधारावेत आणि ती पाच उत्तरं अंतिम मोजणीत धरू नयेत.

दुसरी रीत कोट्याची. धुणीभांडी करणाऱ्या बारा, स्वयंपाक करणाऱ्या बारा असं आधी ठरवायचं आणि तेवढ्या भरेपर्यंत शोधायचं. दोन गटांची तुलना करायला ही रीत चांगली. पण बारा-बारा हे आकडे आपण ठरवलेले असतात, शहरातलं खरं प्रमाण ते सांगत नाहीत. शिवाय कोट्याच्या आत कोणाला विचारायचं हे पुन्हा आपल्या सोयीनंच ठरतं. बसथांब्यावर निवांत बसलेली बोलते; सहा घरं उरकायला धावणारी ‘वेळ नाही’ म्हणून निघून जाते, आणि खाड्याची झळ कदाचित तिलाच जास्त बसत असते.

१९४८ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत गॅलपच्या पाहणीला हेच भोवलं. स्त्री-पुरुष, वय, आर्थिक स्थिती यांचे कोटे काटेकोर होते, पण त्यांच्या आतली माणसं मुलाखतकार स्वतः निवडत. त्यात रिपब्लिकन मतदार थोडे जास्त आले, शिवाय मतदानाच्या बरंच आधी विचारणं थांबवलं होतं. भाकीत ड्यूईंच्या विजयाचं होतं. निवडून आले ट्रुमन. आपल्या विद्यार्थिनीनं निदान दुपारी आणि संध्याकाळीही उभं राहावं, आणि नकार देणाऱ्या किती, त्या कोणत्या घाईत होत्या, याची नोंद ठेवावी.

चोवीस तास मालकाच्या घरीच राहणाऱ्या मुली या दोन्ही जाळ्यांत येत नाहीत. त्यांच्यासाठी स्नोबॉल, म्हणजे ओळखीतून ओळख. स्वयंपाकाच्या मावशी सांगतात, ‘तिसऱ्या मजल्यावर एक पोरगी राहते बघ.’ धोका असा की साखळी एकाच गावात, एकाच जातीत किंवा एकाच एजंटाच्या माणसांत फिरत राहते. म्हणून एकमेकींना न ओळखणाऱ्या तीन-चार जणींपासून सुरुवात करावी, प्रत्येकीकडून दोनच ओळखी घ्याव्यात आणि कोणी कोणाला जोडलं ते वहीत बाणांनी काढावं. सगळे बाण एकाच गावाकडे वळू लागले तर नवी सुरुवात शोधायची. एक पथ्य मात्र कटाक्षानं पाळायचं: मुलीचा नंबर मागायचा नाही, मावशींच्या हाती आपला नंबर द्यायचा, फोन करायचा की नाही ते ती ठरवील. दुवा मालकीणबाईंचा असेल तर खाड्याबद्दल ती मोकळं बोलेल अशी आशा धरू नये.

उरली हेतुपूर्वक निवड. इथं किती जणी हा प्रश्न नसतो, का आणि कसं हा असतो. खाड्यामुळे काम सुटलेली, भांडून आठवड्याची सुट्टी मिळवलेली, तान्हं बाळ सांभाळून काम करणारी. निवडीचे असे निकष आधीच कागदावर लिहून ठेवावे लागतात, नाहीतर आपल्या मताला दुजोरा देणारीच माणसं आपण गोळा करतो. निवडलेल्या सगळ्या जणी आपलंच म्हणणं सांगू लागल्या की मुद्दाम उलट उदाहरण शोधायचं: भरपूर खाडे होऊनही जिचे पैसे कधी कापले गेले नाहीत, अशी बाई. गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांनी २००६ मध्ये घाना व नायजेरियातल्या स्त्रियांच्या साठ मुलाखती तपासल्या, तेव्हा महत्त्वाचे बहुतेक मुद्दे पहिल्या बारांतच येऊन गेले होते. मात्र त्या स्त्रिया बऱ्यापैकी सारख्या परिस्थितीतल्या होत्या आणि विषय आखीव होता.

मी मार्गदर्शक असते तर चाळीसची वाटणी अशी सुचवली असती: पाच तपासणीला, चोवीस कोट्यानं, सहा ओळखीतून आणि पाच हेतुपूर्वक. प्रबंधात कोणती मुलाखत कोणत्या वाटेनं आली त्याचा तक्ता द्यायचा. कोट्यातल्या पंधरा जणींचे पैसे कापले जात असतील, तर ‘पुण्यातल्या ६२ टक्के घरकामगारांचे’ असं लिहायचं नाही. ‘आम्ही बोललो त्या चोवीसपैकी पंधरा जणींचे’ असं लिहायचं.