अनोळखी सीनियरला मेल लिहिताना

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातली मुलं लिंक्डइनवर कॉलेजचे माजी विद्यार्थी शोधतात आणि परदेशातल्या एखाद्या सीनियरला मेल टाकतात. मेल बहुधा असा असतो: ‘रिस्पेक्टेड सर, मी फायनल इयरला आहे. मला जर्मनीत एमएस करायचं आहे. कृपया मार्गदर्शन करावं.’ सोबत रेझ्युमे. यात वावगं काही नाही, तरी असा मेल अनेकदा अनुत्तरित राहतो. कारण नेमकं काय हवंय, हे वाचणाऱ्यालाच शोधून काढावं लागतं.

समजा, पुण्यातल्या मेकॅनिकलच्या एका विद्यार्थिनीचा प्रोजेक्ट इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी थंड ठेवण्यावर आहे. तिच्याच कॉलेजचे 2014 च्या बॅचचे एक सीनियर स्टुटगार्टमध्ये याच विषयावर काम करतात. तिच्या मनात ढीगभर प्रश्न आहेत. त्यातले प्रवेशाचे आणि व्हिसाचे ती आधी बाजूला काढते. भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र लागतं, पण हा नियम नोव्हेंबर 2022 पासूनचा. सीनियर त्याआधीच तिकडे गेलेले, त्यांना तो ठाऊक असेलच असं नाही. पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात, हे अधिकृत संकेतस्थळावरच वाचता येतं.

मग उरतं ते त्या टीममध्ये रोज बसणाऱ्यालाच सांगता येण्यासारखं. म्हणून विषयाच्या ओळीत ती लिहिते, ‘आपल्या कॉलेजची विद्यार्थिनी: बॅटरी कूलिंगच्या कामाबद्दल एक प्रश्न’. खाली मजकूर एवढाच:

‘सर, माझ्या प्रोजेक्टमध्ये बॅटरी पॅकच्या तापमानाचं सिम्युलेशन केलं आहे, प्रत्यक्ष चाचणी झालेली नाही. पुढचे सहा महिने माझ्या हातात आहेत. तुमच्या टीममध्ये नव्याने येणाऱ्याला जर्मन भाषा आधी लागते, की चाचणीचा अनुभव? दोन ओळींत सांगितलंत तरी मला ठरवता येईल.’

कॉलेजचं नाव ओळख देतं, प्रोजेक्टची ओळ तयारी दाखवते आणि प्रश्नाचं उत्तर फोनवरूनही टाइप करता येतं. रेझ्युमे जोडलेला नाही, कारण तो दिसला की मेल नोकरीसाठी आहे असं वाटतं. रेफरल तर पहिल्या मेलमध्ये मागूच नये. ज्या माणसाने आपलं काम पाहिलेलं नाही, त्याला ते अवघडल्यासारखं होतं.

पाठवण्याआधी एक तपासणी करावी. नाव बदलून तोच मेल दुसऱ्या कुठल्याही सीनियरला चालत असेल, तर प्रश्न अजून मोघम आहे.

आठ-दहा दिवसांत उत्तर आलं नाही, तर त्याच मेलखाली एकदाच नम्र आठवण करावी आणि मग थांबावं. उत्तर आलं, तरी ते एका माणसाचं, एका कंपनीतलं असतं. सीनियर ‘आधी जर्मन शीक’ म्हणाले, तर तिने दुसऱ्या कंपनीतल्या आणखी एखाद्या सीनियरला तेच विचारावं आणि नंतरच क्लासची फी भरावी.