फोटोतला गाऊन, चित्रातला गाऊन

गेल्या वर्षी एक काकू माझ्याकडे चौकट केलेलं चित्र घेऊन आल्या. त्यांच्या मुलीच्या पदवीदान समारंभाचा फोटो देऊन त्यांनी ते एका चित्रकाराकडून काढून घेतलं होतं. चेहरा छान जमला होता. पण बाकी सगळं कोणा दुसऱ्याच मुलीचं होतं. गाऊन गळ्यापासून पायापर्यंत बंद झाला होता, त्यामुळे आजीची पैठणी गायब झाली होती. गळ्यातलं उपरणं एका खांद्यावरून कमरेपर्यंत तिरकं उतरलं होतं. मागे कुठल्याही चर्चमध्ये शोभावी अशी फुलासारखी खिडकी होती. काकू म्हणाल्या, "हिचा चेहरा आहे हो, पण हिचा दिवस नाही."

फोटो मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या सर कावसजी जहांगीर दीक्षान्त सभागृहातला होता. मी चित्र नव्याने काढायला घेतलं आणि सगळ्यात आधी मूळ फोटो मागितला. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो दाबला जातो. चेहरा ओळखू येतो, पण काठावरची नक्षी आणि कापडावरची अक्षरं विरघळून जातात. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला की जसाच्या तसा येतो.

दुसरी तपासणी उजव्या-डाव्याची. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो बऱ्याचदा आरशासारखा उलटा जतन होतो. अक्षरं दिसत असतील तर चूक लगेच कळते. नसतील तर मी पदराकडे बघते. नेहमीच्या पद्धतीने नेसलेल्या साडीचा पदर डाव्या खांद्यावर असतो. तो उजव्या खांद्यावर दिसला, तर घरच्यांना विचारल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही. मुलगा असेल तर शर्टाची बटणं बघावीत. या फोटोत पदर जागेवर होता.

मग गाऊन. आपल्याकडे इंग्रजी वळणाचा गाऊन पुष्कळ ठिकाणी चालतो. तो पुढून उघडा असतो, म्हणून आतली साडी किंवा सूट दिसतो. चित्रकाराच्या डोळ्यांसमोर मात्र बहुधा अमेरिकी गाऊन असतो, पुढे चेन लावून बंद केलेला. आधीच्या चित्रात पैठणी त्यामुळेच हरवली होती. बाहीकडेही बारकाईने बघावं लागतं. इंग्रजी पद्धतीत पदवीच्या गाऊनची बाही सैल, उघडी आणि खाली टोकदार असते. पदव्युत्तर गाऊनची बाही लांब नळीसारखी आणि टोकाला बंद असते. हात मधल्या चिरेतून बाहेर येतो. मात्र भाड्याने मिळणाऱ्या गाऊनमध्ये कुठलीही सरमिसळ असू शकते. त्यामुळे नियम ठाऊक असला तरी फोटोत दिसेल तेच काढायचं.

फोटोत काळा गाऊन म्हणजे नुसता काळा डाग दिसतो. फोटोची एक प्रत घेऊन तिचा उजेड भरपूर वाढवला की त्या डागातून खांद्यावरच्या चुण्या, बाहीची कड आणि शिवण वर येते. रंगवताना मी ट्यूबमधला काळा वापरत नाही. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना मिसळून गडद छटा तयार करते, म्हणजे घड्या जिवंत राहतात.

सगळ्यात जास्त घोळ गळ्यातल्या कापडाचा होतो, कारण तीन वेगळ्या वस्तूंना लोक एकच समजतात. उपरणं किंवा स्टोल मानेमागून येऊन दोन्ही बाजूंनी सरळ खाली लोंबतं. सॅश एका खांद्यावरून विरुद्ध बाजूच्या कमरेकडे जाते. हूड पाठीवर असतो आणि पुढून त्याची फक्त व्हीसारखी रेघ दिसते. या मुलीच्या गळ्यात तिच्या विभागाने दिलेलं उपरणं होतं. फोटोत तिची एक बाजू फाइलखाली दबली होती आणि दुसरी वाऱ्याने तिरकी गेली होती. तेवढ्यावरून आधीच्या चित्रकाराने त्याची सॅश केली.

उपरण्यावर शब्द विणलेले होते, पण फोटोत त्यातली दोनच अक्षरं वाचता येत होती. इथे अंदाज करायचा नाही, ही माझी पक्की अट आहे. उपरणं घरीच होतं. ते टेबलावर सरळ पसरून, खिडकीच्या उजेडात वरून फोटो काढून पाठवायला सांगितलं. फोटोत कापड तपकिरी दिसत होतं. आता ते खरं तर गडद लाल आहे असं दिसलं. सभागृहातल्या पिवळ्या दिव्यांनी त्याचा रंग बदलला होता. अक्षरं मात्र टेबलावरच्यासारखी सपाट काढून चालत नाहीत. छातीवर कापड वळतं तशी तीही वळतात, आणि घडीत गेलेलं अक्षर घडीतच ठेवावं लागतं.

आता सभागृह. त्याचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुकाराने केला. तो स्वतः मुंबईला कधीच आला नाही. १८७४ साली इमारत पूर्ण झाली. तिथली मोठी गोल खिडकी रंगीत काचेची आहे आणि तिच्यात बारा राशी आहेत. म्हणून पाकळ्या हाताला येतील तेवढ्या काढता येत नाहीत. आपल्या फोटोत खिडकी पांढरीफटक पडली होती, कारण कॅमेऱ्याने चेहऱ्यासाठी उजेड धरला होता. अशा वेळी खिडकीचा वेगळा फोटो लागतो, आणि तोही आतूनच काढलेला हवा. दिवसा बाहेरून काच काळपट दिसते आणि राशींचा क्रमही उलटा होतो.

फोटोत वरचं छत कापलं गेलं होतं, ते चित्रात वाढवायचं होतं. सभागृहाची उंची सुमारे ६३ फूट आहे. सव्वापाच फुटी माणसाच्या बरोबर बारापट. पण हे माप पुढे उभ्या असलेल्या मुलीवरून मोजलं तर चुकतं, कारण मागची भिंत तिच्यापासून लांब आहे. मी फोटोत भिंतीला लागून उभी असलेली एक विद्यार्थिनी शोधली. कागदावर ती दीड सेंटिमीटर येत होती. म्हणजे भिंतीच्या तळापासून छताचं टोक अठरा सेंटिमीटरवर. माझ्या पहिल्या रेखाटनात ते अकरावर होतं, आणि दीक्षान्त सभागृहाचं लग्नाचं कार्यालय झालं होतं. फोनने वर बघून फोटो काढला की खांबही आत झुकतात. ते आधी सरळ करून घेतले. सज्जाखालचे नक्षीदार कंस फोटोत जितके दिसत होते तितकेच मोजून काढले.

चित्र ए-थ्री आकारात, तीनशे जीएसएमच्या आम्लरहित कागदावर केलं. चौकटीत काच कागदाला चिकटू नये म्हणून मध्ये माउंट घातला. मुंबईच्या दमट हवेत काचेला चिकटलेल्या कागदावर बुरशी धरते.

चित्र घेऊन जाताना काकूंनी आधी पैठणीचा काठ पाहिला, मग खिडकी आणि शेवटी चेहरा.

तुमच्या घरात यंदा कोणाचा पदवीदान समारंभ असेल तर गाऊन परत करण्याआधी तीन फोटो जास्त काढून ठेवा. एक, डोक्यापासून पायापर्यंत, समोरून, उघड्यावरच्या सावलीत. दुसरा, सरळ पसरलेल्या उपरण्याचा. आणि तिसरा, मुलगी जिथे उभी होती तिथूनच, पण तिच्याशिवाय, छतासकट सभागृहाचा.